सबटँजंट सगळीकडे ३ असलेला वक्र: त्रिकोणातून समीकरण, समीकरणातून वक्र

प्रश्न: "ज्या वक्राचा सबटँजंट प्रत्येक बिंदूपाशी 3 आहे आणि जो (0, 2) मधून जातो तो वक्र शोधा, असं गणित होतं. मी y·dy/dx = 3 लिहून पॅराबोला काढला, तो चूक निघाला. सबटँजंट आणि सबनॉर्मलची सूत्रं माझी दरवेळी उलटसुलट होतात. पुस्तकातल्या उत्तरात ± आहे, ते कुठून आलं तेही कळलं नाही. असं समीकरण मुळात मांडायचं कसं?"

सूत्रं बाजूला ठेवा आणि एक आकृती काढा. वक्रावर कुठलाही एक बिंदू P घ्या, त्याचे निर्देशक (x, y). P पासून x-अक्षावर लंब टाका, तो अक्षाला M मध्ये मिळतो. P पाशी स्पर्शिका काढा आणि ती अक्षाला मिळेपर्यंत वाढवा, तो बिंदू T. आता PMT हा काटकोन त्रिकोण तुमच्यासमोर आहे. PM ही उभी बाजू म्हणजे y. TM ही आडवी बाजू म्हणजे सबटँजंट. मराठी पुस्तकांत तिला उपस्पर्शिकाही म्हणतात. स्पर्शिका हा या त्रिकोणाचा कर्ण आहे, आणि कर्णाचा चढ म्हणजे उभी बाजू भागिले आडवी बाजू. स्पर्शिकेचा चढ म्हणजेच dy/dx. म्हणून

dy/dx = y / TM

एवढंच. तुमच्या गणितात TM = 3 दिलंय, म्हणजे dy/dx = y/3. समीकरण मांडून झालं. पाठ करायला काही उरत नाही, कारण "चढ म्हणजे उभं भागिले आडवं" हे तुम्हाला नववी-दहावीपासून येतंय.

सबनॉर्मलचा त्रिकोण याच आकृतीत शेजारी आहे. P पाशी स्पर्शिकेला काटकोनात अभिलंब काढा, तो अक्षाला N मध्ये मिळतो, आणि MN म्हणजे सबनॉर्मल. T पाशी जो कोन आहे तोच कोन आता P पाशी, PM आणि PN यांच्यामध्ये येतो. या दुसऱ्या त्रिकोणात MN ही त्या कोनासमोरची बाजू आणि y ही लगतची बाजू. त्यामुळे MN / y = dy/dx, म्हणजे MN = y·dy/dx. तुम्ही लिहिलेलं समीकरण हे होतं. तुम्ही सोडवलेलं गणित स्वतःपुरतं बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्याच वक्राचं आहे.

ते तुमचं तुम्हालाच कसं ओळखता आलं असतं ते पाहू, कारण परीक्षेत पुस्तकातलं उत्तर शेजारी नसतं. तुमचा पॅराबोला y² = 6x + 4 असा येतो. त्यावरचे दोन बिंदू घ्या, (0, 2) आणि (2, 4). चढ 3/y आहे, म्हणजे पहिल्या बिंदूपाशी 3/2 आणि दुसऱ्यापाशी 3/4. पहिल्या बिंदूपासून स्पर्शिकेवरून खाली उतरत अक्षापर्यंत यायला आडवं किती सरकावं लागतं? 2 भागिले 3/2, म्हणजे 4/3. दुसऱ्यापासून 4 भागिले 3/4, म्हणजे 16/3. सबटँजंट ४/३ वरून थेट ५ च्या पुढे गेला. सगळीकडे ३ तर सोडाच, तो पहिल्याच बिंदूला ३ नाही. उत्तर मिळाल्यावर त्यावरचे दोन बिंदू घेऊन स्पर्शिका अक्षाला कुठे मिळते ते पाहायला दोन मिनिटं लागतात. मी पेपर तपासतो तेव्हा या प्रकारच्या गणितात सर्वांत जास्त मार्क याच एका न केलेल्या पडताळणीपायी जाताना दिसतात. संकलन बहुतेकांचं बरोबर असतं.

दोन्हीतला फरक मनात पक्का बसवायचा असेल तर एककं लावून बघा. समजा आडव्या अक्षावर सेकंद आहेत आणि उभ्या अक्षावर व्होल्ट. y भागिले चढ म्हणजे व्होल्ट भागिले (व्होल्ट प्रति सेकंद), म्हणजे सेकंद. सबटँजंट आडव्या अक्षावर पडलेला तुकडा आहे, त्यामुळे त्याचं एकक सेकंदच हवं, आणि तसंच येतं. y गुणिले चढ केलं तर व्होल्टचा वर्ग प्रति सेकंद येतो, ज्याची त्या अक्षावर जागाच नाही. याचा एक खोल अर्थ आहे. उभ्या अक्षाचं माप तुम्ही दुप्पट केलंत तर PM दुप्पट होतं, चढही दुप्पट होतो, पण T आणि M जागचे हलत नाहीत. सबटँजंट उभ्या मापावर अवलंबून नसतो. सबनॉर्मल मात्र काटकोनावर उभा आहे, आणि माप बदललं की काटकोन मोडतो. ही गोष्ट पुढे कामाला येईल.

बऱ्याच जणांचा गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. स्पर्शिकेचं समीकरण लिहून T काढायचा असेल, तर वक्रावरच्या बिंदूसाठी x, y ठेवा आणि स्पर्शिकेवर फिरणाऱ्या बिंदूसाठी X, Y अशी वेगळी अक्षरं घ्या:

Y − y = (dy/dx)(X − x)

आता Y = 0 ठेवलं की X = x − y/(dy/dx). दोन्हींसाठी x, y हीच अक्षरं वापरली की "y = 0 ठेवू" म्हणताना वक्राचाच y शून्य होऊन बसतो, आणि पुढचं सगळं निरर्थक होतं. आकृतीवरून त्रिकोण वाचलात तर ही अडचण येतच नाही. पण पुढच्या वर्गात स्पर्शिका दोन्ही अक्षांवर तोडते त्या तुकड्यांची गणितं येतात, तिथे ही सवय लागतेच.

आता ± कडे. M वजा T, म्हणजे x − X, हा चिन्हासकट y/(dy/dx) इतका आहे. T जर M च्या डावीकडे असेल तर तो धन, उजवीकडे असेल तर ऋण. गणितात "सबटँजंटची लांबी ३" म्हटलंय, डावीकडे की उजवीकडे ते सांगितलेलं नाही. म्हणून खरी अट अशी आहे:

|y / (dy/dx)| = 3, म्हणजे dy/dx = ± y/3

y शून्य नाही असं धरून दोन्ही बाजूंना y ने भागा आणि संकलन करा:

ln|y| = ± x/3 + c, म्हणजे y = C·e^(±x/3)

(0, 2) मधून जायचं तर C = 2. उत्तर दोन वक्र: y = 2e^(x/3) हा चढत जाणारा, त्याचा T नेहमी ३ एकक डावीकडे; आणि y = 2e^(−x/3) हा उतरत जाणारा, त्याचा T नेहमी ३ एकक उजवीकडे. दोघं y-अक्षातल्या आरशात एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. पुस्तकातला ± तो हा. गणितात "वक्र चढता आहे" किंवा "T नेहमी M च्या डावीकडे आहे" असं काही असतं तर एकच चिन्ह उरलं असतं.

पडताळा घ्या. x = 3 पाशी चढत्या वक्राची उंची 2e, म्हणजे सुमारे ५.४३७. चढ त्याच्या एकतृतीयांश, १.८१२. उंची भागिले चढ, ३. T चा x-निर्देशक 3 − 3 = 0. स्पर्शिका बरोबर मूळबिंदूतून जाते.

इथे एक चांगला विद्यार्थी हमखास विचारतो: मग y-अक्षाच्या डावीकडे उतरता वक्र आणि उजवीकडे चढता असं जोडून चालेल का? म्हणजे y = 2e^(|x|/3)? तोही (0, 2) मधून जातो, आणि बाकी सगळीकडे सबटँजंट ३ आहे. पण x = 0 पाशी डावीकडून चढ −2/3 येतो आणि उजवीकडून +2/3. तिथे कोपरा आहे, स्पर्शिकाच नाही, त्यामुळे "प्रत्येक बिंदूपाशी" ही अट तिथेच मोडते. स्पर्शिका सगळीकडे असलेल्या वक्राला + वरून − वर जायचं तर मध्ये चढ शून्यातून जावा लागेल, आणि आपल्या अटीत चढ शून्य व्हायला y शून्य व्हावा लागतो. म्हणून एकदा निवडलेलं चिन्ह वक्रभर तेच राहतं.

आता C बद्दल. संकलनाचा स्थिरांक म्हणून तो यांत्रिकपणे लिहिला जातो, पण इथे त्याला भूमितीतला अर्थ आहे. वक्र आडवा सरकवला तर त्रिकोण PMT त्याच्याबरोबर जसाच्या तसा सरकतो, TM बदलत नाही. वक्र उभा ताणला तरी TM बदलत नाही, हे आपण वर पाहिलंच. म्हणजे एक उत्तर मिळालं की त्याची सरकवलेली आणि ताणलेली रूपंही उत्तरंच असणार. घातांकी वक्राचं वैशिष्ट्य असं की त्याला उजवीकडे सरकवणं आणि खाली दाबणं ही एकच क्रिया ठरते: e^((x−s)/3) म्हणजेच e^(−s/3) गुणिले e^(x/3). त्यामुळे C धन असलेले सगळे चढते वक्र हा एकच वक्र आहे, फक्त वेगवेगळ्या जागी ठेवलेला. C ऋण असेल तर तोच वक्र अक्षाखाली पालथा.

हे सगळं एकदा हाताने करून बघावं असं मला मनापासून वाटतं. आलेखाचा कागद घ्या, १ सेंमी म्हणजे १ एकक. (0, 2) वर टिंब द्या, अक्षावर (−3, 0) वर दुसरं. पट्टी दोन्हींवर ठेवून रेघ उजवीकडे थोडीशीच, x = 0.3 पर्यंत वाढवा. तिथे उंची किती? T पासून आधी आडवं अंतर ३ होतं, आता ३.३ झालं, समरूप त्रिकोणांमुळे उंचीही त्याच प्रमाणात वाढली, २ ची २.२ झाली. आता T सुद्धा 0.3 ने उजवीकडे न्या, (−2.7, 0) वर. पट्टी पुन्हा लावा, पुन्हा 0.3 पुढे जा. उंची २.४२. मग २.६६२. दर पावलाला उंची १.१ पट होते.

हे पाहिलंत की वक्र घातांकी का येतो ते समीकरण न सोडवताच दिसतं. आडवी पावलं सारख्या अंतराने पडतात, ती अंकगणिती श्रेढी. उंच्या सारख्या पटीने वाढतात, ती भूमिती श्रेढी. एका बाजूला बेरीज आणि दुसऱ्या बाजूला गुणाकार, हीच लॉगटेबलची रचना. लायब्निझने अगदी हाच युक्तिवाद छापला. ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरम' या नियतकालिकात त्याचा विकलनावरचा पहिला लेख आला, आणि त्या लेखाच्या शेवटी नव्या पद्धतीची ताकद दाखवायला त्याने जे गणित घेतलं ते हेच होतं: सबटँजंट कायम असलेला वक्र. dx सारखे घेतले की उंच्या आणि त्यांतले फरक एकमेकांच्या प्रमाणात राहतात, म्हणून उंच्या भूमिती श्रेढीत येतात आणि वक्र लॉगरिदमचा ठरतो.

पट्टीने दहा पावलं चालून x = 3 पाशी आलात की उंची 2 × 1.1¹⁰ येते, म्हणजे सुमारे ५.१८७. खरी उंची ५.४३७. कागदावर अडीच मिलिमीटरची तूट. ती नेहमी खालच्याच बाजूला पडते, कारण हा वक्र स्पर्शिकेपासून वर वळत जातो आणि तुम्ही प्रत्येक पावलात स्पर्शिकेवरून, म्हणजे वक्राच्या खालून चालता. पाऊल दहापट लहान, 0.03 चं केलंत तर शंभर पावलांनंतर ५.४०९६ येतं, तूट पाव मिलिमीटरवर उतरते. उलट तुमची उंची खऱ्या उंचीपेक्षा जास्त आली, तर कुठेतरी T जरा जास्तच सरकला नाही ना, ते तपासा.

त्रिकोणावरून वाचायची सवय लागली की दिलेली अट कुठल्या बाजूबद्दल आहे एवढंच बघायचं असतं. सबटँजंटऐवजी स्पर्शिकेचा P पासून T पर्यंतचा तुकडा, म्हणजे कर्णच, कायम a असेल तर? पायथागोरसने TM = √(a² − y²), आणि वरच्याच वाक्यातून dy/dx = −y/√(a² − y²), म्हणजे T उजवीकडे असतानाचं समीकरण. हा ट्रॅक्ट्रिक्स नावाचा वक्र. पॅरिसमध्ये क्लोद पेरो याने खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवलं, साखळीचं टोक टेबलाच्या कडेने सरळ ओढत नेलं, आणि घड्याळ कुठल्या रेषेवरून घसरत येतं असं विचारलं, तो हा वक्र. साखळी ताणलेली असते म्हणून कर्ण कायम, आणि घड्याळ साखळीच्या दिशेनेच सरकतं म्हणून साखळी स्पर्शिका.

आता मी मघाशी पटकन पुढे गेलेल्या एका ओळीकडे परत येतो: "y शून्य नाही असं धरून y ने भागा". भागताना आपण y = 0 हे उत्तर टाकून दिलं. dy/dx = y/3 या समीकरणाचं ते खरंखुरं उत्तर आहे, दोन्ही बाजू शून्य. पण मूळ भूमितीच्या अटीत ते बसत नाही, कारण तो वक्र म्हणजे अक्षच, त्याची स्पर्शिकाही अक्षच, आणि ती अक्षाला एका बिंदूत मिळत नाही. म्हणून C = 0 उत्तरातून वगळावं लागतं, आणि उत्तरपत्रिकेत तसं एका ओळीत लिहावं. मात्र ते विसरू नका. टाकून दिलेलं हे सरळ-रेषेचं उत्तर म्हणजेच ती रेषा, जिच्यावर सबटँजंट मोजला जातो. पुढची दोन उदाहरणं यावरच उभी आहेत.

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कपॅसिटर आणि रेझिस्टरचा प्रयोग तुम्ही केला असेल. १०० किलोओहमचा रेझिस्टर, १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यांचा गुणाकार १० सेकंद. ९ व्होल्टला भारित केलेला कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा होताना व्होल्टेज V = 9e^(−t/10) असं उतरतं. या आलेखावर कुठेही स्पर्शिका काढा, ती वेळेच्या अक्षाला त्या क्षणापासून १० सेकंद पुढे मिळते. सुरुवातीला काढली तर १० वर, १० सेकंदांना (तेव्हा व्होल्टेज ३.३१) काढली तर २० वर. ज्याला सगळे टाइम कॉन्स्टंट म्हणतात तो म्हणजे या वक्राचा सबटँजंट. आलेखावरून तो काढताना स्पर्शिका सुरुवातीच्या भागात काढा. शेपटीकडे उंचीही थोडी, चढही थोडा, आणि पट्टी केसभर तिरपी झाली तरी उत्तर कित्येक सेकंदांनी सरकतं.

आता तोच कपॅसिटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर भारित करा. V = 9(1 − e^(−t/10)). इथे विद्यार्थी वेळेच्या अक्षावरच सबटँजंट मोजायला जातात. सुरुवातीला तो शून्य येतो, १० सेकंदांना १७.२, २० सेकंदांना जवळजवळ ६४. कायम राहणं दूरच, तो भरमसाट वाढत जातो, आणि मग "हा वक्र घातांकी नाही" असा निष्कर्ष वहीत उतरतो. वक्र घातांकीच आहे, चुकली ती रेषा. इथलं समीकरण dV/dt = (9 − V)/10. त्याचं सरळ-रेषेचं उत्तर शोधा: V = 9, दोन्ही बाजू शून्य. म्हणजे मोजायची रेषा 9 व्होल्टची. त्या रेषेपासून वक्रापर्यंतचं अंतर w = 9 − V घेतलं तर dw/dt = −w/10, हुबेहूब आपलं मूळ समीकरण. १० सेकंदांना व्होल्टेज ५.६९, रेषेपर्यंत उरलेलं अंतर ३.३१, चढ ०.३३१ व्होल्ट प्रति सेकंद. स्पर्शिका 9 च्या रेषेला बरोबर १० सेकंदांनी, म्हणजे २० व्या सेकंदाला मिळते.

म्हणून प्रयोगातला एखादा वक्र घातांकी वाटतोय पण सबटँजंट एका दिशेने सतत वाढत किंवा घटत चाललाय असं दिसलं, तर आधी रेषा तपासा: वक्र शेवटी कुठे जाऊन टेकतोय? मोजणी तिथून व्हायला हवी. योग्य रेषा घेऊनही सबटँजंट सरकतच राहिला, तर मात्र वक्र खरोखर दुसरा आहे.

आणि ती रेषा आडवीच असली पाहिजे असंही नाही. ज्या गणिताचं उत्तर म्हणून लायब्निझने सबटँजंटचा वक्र दिला, ते मूळ गणित ब्ल्वा गावच्या फ्लोरिमाँ द बोन याने १६३८ च्या सुमारास मांडलं होतं. आजच्या चिन्हांत त्याची अट अशी: उंची आणि सबटँजंट यांचं गुणोत्तर हे x आणि y यांच्या फरकाला एका ठरावीक लांबीने भागून येणाऱ्या संख्येइतकं. ती लांबी आपण ३ घेऊ. उंची भागिले सबटँजंट म्हणजे चढ, त्यामुळे

dy/dx = (x − y)/3

देकार्तने १६३९ मध्ये द बोनला पाठवलेल्या पत्रात यावर बरंच काम केलं, वक्र जवळच्या किमतींमध्ये पकडला, पण x, y मधलं बीजगणिती समीकरण त्याला मिळालं नाही. ते मिळणारही नव्हतं, कारण घातांकी वक्राला तसं समीकरणच नसतं.

इथे x आणि y वेगळे करून संकलन होत नाही, आणि बरेच जण इथेच अडतात. पण आता तुम्हाला काय शोधायचं ते माहीत आहे: सरळ-रेषेचं उत्तर. y = mx + b घालून पाहा. डावीकडे m, उजवीकडे (x − mx − b)/3. डावी बाजू x बरोबर बदलत नाही, म्हणून उजवीकडचा x जायला हवा, म्हणजे m = 1. मग 1 = −b/3, b = −3. रेषा मिळाली: y = x − 3. वक्राची उंची या रेषेपासून उभी मोजा, w = y − (x − 3). मग

dw/dx = dy/dx − 1 = (x − y)/3 − 1 = −w/3

म्हणजे तिरक्या रेषेवरून पाहिलं तर हाही सबटँजंट कायम असलेलाच वक्र, w = C·e^(−x/3). इथे रेषा आणि उभी अंतरं काटकोनात नाहीत, पण बिघडत नाही. सबटँजंट फक्त समरूप त्रिकोणांवर चालतो, त्याला काटकोनाची गरज नाही, हे मघाशी उभं माप ताणताना दिसलंच होतं.

मूळबिंदूतून जाणारा वक्र घ्या. x = 0, y = 0 ला w = 3, म्हणून C = 3 आणि

y = x − 3 + 3e^(−x/3)

पडताळा नेहमीसारखाच, फक्त अक्षाऐवजी तिरक्या रेषेवर. मूळबिंदूपाशी चढ 0, स्पर्शिका म्हणजे x-अक्षच, आणि तो y = x − 3 या रेषेला (3, 0) मध्ये मिळतो: ३ एकक पुढे. आता x = 3 घ्या. तिथे y = 3/e, सुमारे १.१०४, आणि चढ 1 − 1/e, सुमारे ०.६३२. स्पर्शिकेवरून ३ एकक पुढे गेलं की उंची 1.104 + 1.896 = 3.000. रेषेची x = 6 पाशी उंची 6 − 3 = 3. तिथेच मिळतात.